काट्यावरचा निरोप

कंपनीची बस कर्जतच्या नाक्यावरून सुटते तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या असतात. तरी ठोंबरेकाका उभेच. कडावहून स्कूटरवर येणार, ओळखीच्या दुकानामागे ती लावणार, बसमध्ये चढणार आणि वरचा दांडा धरून थेट साजगावपर्यंत उभे राहणार. नवीन माणूस असला की बिचारा सरकून जागा करून देतो. काका त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने त्यांना औषध पाजायला घेतलंय. "तू बस रं. मी उभाच बरा हाय."

हे एवढ्यावर थांबत नाही. कॅन्टीनमध्ये ते खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून उभ्याने जेवतात. मीटिंगला दाराशी उभे राहतात. त्यामुळे साहेबांना सतत वाटतं, यांना काहीतरी बोलून लगेच जायचंय, आणि मीटिंग लवकर संपते. या एका गुणासाठी सगळं ऑफिस त्यांचं ऋणी आहे. वजनकाट्याच्या केबिनमध्ये त्यांची खुर्ची आहे, चांगली गादीची. तिच्यावर शिक्क्यांचे डबे आणि तुळशीची कुंडी ठेवलेली असते.

आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनतात. पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन ट्रक येतो, आधी काट्यावर चढतो, भरलेलं वजन होतं. माल उतरवून परत येतो, रिकामं वजन होतं. वजाबाकी म्हणजे माल. मुरलीधर ठोंबरे यांनी उभ्या आयुष्यात ही एकच वजाबाकी केली आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावली. कुणी लांबण लावली की म्हणायचे, "गाडी बाजूला कर, माल सांग." मी इथे एच.आर.मध्ये लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुरक्षेच्या नियमांबद्दल माहिती द्यायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मनाली, गाडी लय मोठी आणलीस गं."

पण काकांची कंपनीभर कीर्ती होती ती काट्यासाठी नव्हे. ती होती निरोपासाठी.

आमच्याकडे कुणीही नोकरी सोडली किंवा निवृत्त झालं, की शेवटच्या कामाच्या दिवशी सगळ्यांना निरोपाचा मेल पाठवायची पद्धत आहे. वर मराठी, खाली इंग्रजी. हा मेल लिहिताना भलेभले गारद होतात. वीस वर्षं प्रेस मशीन चालवणारा माणूस दोन ओळींसमोर घामाघूम होतो, आणि एम.बी.ए. झालेला माणूस इंटरनेटवरून उतरवून घेतो. एका तरुण इंजिनियरने असंच केलं. जिथे आपल्या साहेबांचं नाव घालायचं, तिथे मूळ नमुन्यातली 'येथे वरिष्ठांचे नाव लिहा' ही सूचना तशीच राहिली आणि ती हेड ऑफिसपर्यंत पोचली. साहेब आठवडाभर गप्प होते. तेव्हापासून माणसं मेल पाठवण्याआधी काट्यावर जायला लागली.

काका मजकूर हातात घेत नसत. समोरच्याला उभं करून मोठ्याने वाचायला लावत. स्वतः केबिनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत. मधेच ट्रक आला की तो काट्यावर घेत, पावती फाडत, आणि परत, "हां, कुठं होतास?"

त्यांचे नियम पक्के होते. मला ते पाठ झाले, कारण माझ्याकडे कागदपत्रांसाठी येणारा प्रत्येक जण ते घोकत यायचा. विषयात 'शेवटचा कामाचा दिवस', पुढे नाव आणि खातं. नुसतं 'अलविदा' लिहायचं नाही, लोक घाबरून घरी फोन करतात. पहिल्याच ओळीत सांगायचं, की आज शेवटचा दिवस. दुसऱ्या ओळीत, उद्यापासून हे काम कुणाकडे. कारण मेल वाचणाऱ्या निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. ग्राहकांची नावं नकोत, आकडे नकोत, पगाराबद्दल तर अवाक्षर नको. आभार मानताना माणसांची नावं घ्यायची नाहीत. "अकरा जणांची घेतलीस तर बारावा तुला खोपोलीच्या बाजारात भेटतो," काका सांगत, "आणि भेंडी घेता घेता इचारतो, माझं काय चुकलं व्हतं?"

मराठी आणि इंग्रजी मजकूर एकच असावा, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. इंग्रजीत आभार मानायचे, मराठीत माफी मागायची. उलट करायचं नाही. "इंग्रजीत सॉरी लिवलं का ऑडिटवाला इचारतो, कशाबद्दल? आन मराठीत थँक्यू लिवलं का गावात म्हणतात, शिकून आला." इंग्रजी वाचणारे हेड ऑफिसचे, ते सोमवारी विसरणार. मराठी वाचणारे आयुष्यभर लग्नात नि मयतीत भेटणार.

पाठवायची वेळ दुपारच्या चहाची. सकाळी पाठवला तर दिवसभर माणसं टेबलाशी येऊन पार्टी मागतात. संध्याकाळी उशीर केला तर पाच वाजता आय.टी.वाले आयडी बंद करतात, मग मेल तुमच्याच ड्राफ्टमध्ये कायमचा झोपतो. टू-मध्ये स्वतःचं नाव, सगळ्यांची यादी बीसीसीत. म्हणजे कुणी 'रिप्लाय ऑल' दाबलं तरी उत्तर एकट्यालाच जातं.

हा बीसीसीचा नियम चांदण्यांच्या निवृत्तीनंतर आला. इलेक्ट्रिकल खात्यातले चांदणे घाईत होते. यादी त्यांनी सरळ टू-मध्ये टाकली. मग 'शुभेच्छा', 'ऑल द बेस्ट', हात जोडलेली चित्रं, सगळं सगळ्यांना. एकाने सगळ्यांना कळवलं, की कृपया सगळ्यांना कळवू नका. त्यावर तिघांनी सगळ्यांना कळवलं, की बरोबर आहे. मोठे साहेब ग्राहकासमोर बसले होते आणि त्यांचा फोन भुंग्यासारखा टेबलावर फिरत होता. दुसऱ्या दिवसापासून ती यादी कुलूपबंद झाली. तिच्यावर पाठवलेला मेल आधी माझ्याकडे येतो. मी 'मंजूर' किंवा 'नामंजूर' एवढंच दाबू शकते. मजकुरातला एक शब्दही मला बदलता येत नाही.

आणि कारखान्यातल्या निम्म्या माणसांना मेल आयडीच नाही. मशीनवरच्यांना, कंत्राटी मुलांना, कॅन्टीनच्या बायकांना. म्हणून मंजूर झालेल्या मेलचा मराठी भाग मी छापते आणि कॅन्टीनबाहेरच्या काचेच्या बोर्डात लावते. तिथे माणसं फोटो काढतात आणि तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. सोडून गेलेल्यांपर्यंतही पोचतो.

सगळ्यात शेवटचा नियम मात्र काका बोटाने टेबलावर ठोकून सांगत. खाली स्वतःचा फोन नंबर. एखादा लाजला, की कशाला, ज्याला हवा असेल तो विचारेल, तर काका येरझारा थांबवत. "वरचं सगळं गाडी हाय रं. नंबर हा माल. त्याच्याबिगर काटा पावती देत नाय."

यांना नंबराचं एवढं काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. चांदणे एकदा पी.एफ.च्या सहीसाठी आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी, बरोबर सकाळच्या भोंग्याला, त्यांच्या घरी फोन वाजला. काट्यावरच्या लँडलाइनवरून. "काय रं चांदण्या, उठलास का? हितं पाऊस हाय. तिकडं काय?" दोन मिनिटं बोलले आणि ट्रक आला म्हणून ठेवला. मी मग आणखी दोघातिघांना विचारलं. सगळ्यांना आला होता. पहिल्या सोमवारी, भोंग्याला, लँडलाइनवरून. त्या तरुण इंजिनियरलासुद्धा.

काकांकडे स्वतःचा मोबाइल होता, बटणांचा, पण तो कडावच्या घरी देवळीत असायचा आणि त्याचा नंबर कंपनीत कुणालाही माहीत नव्हता. काका हवे असले की काट्यावर फोन लावायचा. ते तिथे नाहीत असं कधी झालं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नाशिकला दिलेली. ती रविवारी संध्याकाळी फोन करायची. त्या मोबाइलला तेवढंच काम.

आणि मग ठोंबरेकाकाच निवृत्त व्हायला आले.

महिनाअखेर शनिवारी आली होती. आठवडाभर ते माझ्याशी निरोपाचा विषय काढू देत नव्हते. मी विचारलं की त्यांना ट्रक दिसायचा. शेवटच्या दिवशी तर त्यांच्या पायांना चाकंच लागली. सकाळी दोनदा स्टोअरला जाऊन आले, हेल्मेट आणि बूट जमा केले की नाही हे बघायला; दोन्ही वेळा केलेले होते. नीलेश, जो सोमवारपासून काटा बघणार होता, त्याला काट्याखालचा गाळ कुठून काढायचा हे तिसऱ्यांदा दाखवलं. तुळशीची कुंडी खुर्चीवरून उचलली, खिडकीत ठेवली, परत खुर्चीवर ठेवली. दुपारचा चहा झाला. माझ्याकडे काही आलं नाही.

मी फोन केला. "काका, मेल?"

"लिवतोय."

"तुम्हीच सांगता ना, चहाच्या वेळेला."

"गाडी आली गं," म्हणाले आणि ठेवला. मी खिडकीतून पाहिलं. काटा रिकामा होता.

चार वाजले, सव्वाचार झाले. माझाही जीव थाऱ्यावर राहिना. पुण्याच्या आय.टी.च्या मुलाला मेसेज टाकला, की आजच्या दिवस आयडी सहापर्यंत चालू ठेव. त्याने उत्तर पाठवलं, की सिस्टीममध्ये पाच आहे, तर पाच. अख्ख्या कारखान्याला निरोप कसा घ्यावा हे शिकवणारा माणूस स्वतः न बोलता जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मी एकाच कागदाला तीनदा टाचणी मारली.

साडेचार होऊन गेल्यावर माझ्या पडद्यावर मंजुरीची सूचना आली.

'विषय: शेवटचा कामाचा दिवस – मु. ग. ठोंबरे, वजनकाटा / Last Working Day – M. G. Thombare, Weighbridge

नमस्कार मंडळी,
आज माझा कामाचा शेवटचा दिवस. सोमवारपासून वजनकाटा नीलेश बघेल. काट्याचा मागचा कोपरा पावसात अडतो, खालचा गाळ काढला की सुटतो. हे त्याला दाखवलं आहे.
गाड्यांच्या घाईत कुणाला तोडून बोललो असेन तर ते मनात ठेवू नये.
आपला, मुरलीधर ठोंबरे

Dear Colleagues,
Today is my last working day. From Monday, Nilesh will look after the weighbridge. All pending work is handed over. Thank you for your cooperation, and for the tea.
Regards, M. G. Thombare'

मी खाली सरकवलं. आणखी खाली. संपलं होतं. नंबर नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, घाईत राहिला. पण ज्या माणसाने टेबलावर बोट आपटून ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात घातली, त्याच्याकडून ती राहील कशी? नामंजूर केला तर त्यांना नव्याने पाठवावा लागणार, आणि पाच वाजत आले होते. मंजूर केला तर तसाच जाणार. मी फोन हातात घेतला आणि काट्याकडे चालत निघाले, जवळजवळ पळतच.

काट्यावर त्या दिवसाचा शेवटचा ट्रक उभा होता. काका दाराशी.

"काका, नंबर राहिलाय."

"राहिला नाय. काढला."

"का?"

त्यांनी ड्रायव्हरला हात केला, पावती दिली, ट्रक खाली उतरला. मग ते काट्याच्या पत्र्यावर येऊन उभे राहिले आणि फेऱ्या मारायला लागले. मी त्यांच्या मागे. आत नीलेशच्या पडद्यावर आम्हा दोघांचं वजन हलत असणार.

"मनाली, हितं लागायच्या आदी मी दुसऱ्या कंपनीत व्हतो. ती बंद पडली. सोमवारी सवयीनं उठलो, बायकोनं सवयीनं डबा भरला. तो घेऊन दारातल्या वट्यावर बसलो. भोंग्याची येळ झाली; बंद कंपनीचा भोंगा कुठला वाजतोय, पण मला ऐकू आला. बसून ऱ्हायलो. दुपारी तितंच डबा उघडला. आख्ख्या दिसात कंपनीतल्या कोणी इचारलं नाय, का बाबा हाय का मेला." ते वळले. "तवापासून बसलो का मला त्यो वटा आटवतो."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना फोन करता."

"तुला कोणी सांगितलं?" ते चांगलेच चिडले. "चांदण्या असंल. त्याच्या पोटात काय ऱ्हात नाय."

"मग तुमचा नंबर का नाही?"

आता ते थांबले. त्यांना थांबलेलं मी क्वचित पाहिलं असेल.

"नंबर दिला, आन सोमवारी फोन वाजला नाय, तर कळतं गं, का कोणी केला नाय. नंबर दिलाच नाय, तर म्हणता येतं, नंबरच नव्हता त्यांच्याजवळ." त्यांनी चपलेने पत्र्यावरची माती बाजूला केली. "आता काट्यावर मी नसणार. मला भोंग्याला फोन करणारा कोणी नाय. ते मी जाणून हाय."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला. कुठला आधी आला, सांगता येणार नाही.

"काका, मग ही नुसती गाडीच आहे. भरलेलं नि रिकामं वजन सारखंच भरतंय."

ते हसले. खोटं नाही सांगत, हसले. "बरोबर वाचलंस."

पाचला चार-पाच मिनिटं होती. त्यांनी नव्याने मेल लिहायला केबिनमध्ये जावं म्हणून मी दाराकडे बघितलं. ते हलले नाहीत. मजकूर मला बदलता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मी फोनवर 'मंजूर' दाबलं. मेल गेला. थोड्या वेळाने केबिनमधल्या कॉम्प्युटरने त्यांना बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेईना.

मी म्हणाले, "तुमच्या एक्झिट फॉर्मवर नंबर आहे."

"तो पी.एफ.साठी हाय."

"बोर्डावर पेनने लिहिला तर चालेल का?"

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. "काचंची चावी तुझ्याजवळ असती. मला काय इचारतेस." आणि गेटकडे चालायला लागले. बस सुटायला वेळ होता, पण ते जाऊन तिच्यात उभे राहिले.

मी मराठी भाग छापला. खाली निळ्या पेनने, मोठ्या अक्षरात, नंबर लिहिला. पुढे लिहिलं, 'सोमवारी सकाळचा भोंगा.' एवढंच. एच.आर.च्या शिक्क्याखाली मी असला प्रकार पूर्वी कधी केला नव्हता. शिफ्ट सुटताना बोर्डासमोर माणसं थांबली, मोबाइल वर झाले. कॅन्टीनच्या मावशींनी मला दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, झालं, फोटो काढले नि विसरले.

रविवार मला लांबलचक गेला. सोमवारी बसमध्ये वरच्या दांड्याकडे बघवेना. भोंगा वाजला तशी मी नंबर लावला. लाइन व्यस्त होती. परत लावला, व्यस्त. मला वाटलं, फोन बिघडला असेल, त्या देवळीत पडून पडून. दर थोड्या वेळाने लावत राहिले. साहेबांनी विचारलं, तुमचं लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, वजनकाट्याचं एक काम आहे.

जेवणाच्या सुट्टीत लागला.

"कोण गं? मनाली व्हय. सकाळधरनं कान तापलाय. चांदण्याचा आला, त्याच्या सुनंला मुलगी झाली. त्यो इंजिनियर पुण्यास्नं बोलला, अर्दा तास, गाडीच लय मोठी त्याची. कॅन्टीनच्या मावश्या एकाच फोनवर सगळ्या. नीलेश इचारत व्हता, गाळ कुठनं काढायचा. तीनदा दाखवला त्याला."

"डबा भरला होता का?"

"भरला व्हता. उघडाया सवड कुठं हाय?"

"अन् हे सगळं उभ्यानेच?"

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडली.

"नाय गं," काका म्हणाले. "वट्यावर बसलोय. ठेव आता, दुसऱ्या कोणाचा तरी येत असंल."